‘इसरान जा’ म्हणणाऱ्यांशी वाद

‘झाला ता झाला. आता इसरान जा.’ आमच्या मालवण-कुडाळ पट्ट्यात हा सल्ला देणारं माणूस दुष्ट नसतं. बहुतेक वेळा ती आई असते, थोरली वहिनी असते, नाहीतर वाडीत ज्यांचा शब्द कोणी मोडत नाही असे निवृत्त गुरुजी असतात. एखादीवर नको तो प्रसंग ओढवतो, ती धीर करून घरात कोणाला तरी सांगते, आणि पहिलं उत्तर हे येतं. त्याच्या पाठोपाठ दुसरं, ‘तू आराडलंस कित्याक नाय?’ आणि वर्ष-दोन वर्षांनी, ती अजून गप्प गप्प आहे असं दिसलं की तिसरं, ‘चेडवाचा लगीन करून टाका, सगळा ठीक होतला.’

मला भांडायचं आहे ते या तीन वाक्यांशी. मी या भागात समुपदेशनाचं काम करते, त्यामुळे ही वाक्यं बोलून झाली की पुढे त्यांचं काय होतं ते माझ्यासमोर येऊन बसतं. बोलणारे तोवर विसरूनही गेलेले असतात.

आधी त्यांच्या बाजूचं जे खरं आहे ते मान्य करते. गुरुजी म्हणतात, खपली काढली की जखम चिघळते, काळ हेच औषध. यात तथ्य आहे. अमेरिकेत बार्बरा रॉथबॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बलात्कारानंतर ९५ स्त्रियांची आठवड्याला एकदा याप्रमाणे जवळजवळ तीन महिने पाहणी केली आणि ती १९९२ साली प्रसिद्ध केली. पहिल्या पंधरवड्यात त्यांतल्या ९४ टक्के जणींना आघाताची सगळी लक्षणं होती. दुःस्वप्नं, दचकणं, तो प्रसंग पुन्हा घडतोय असं वाटणं, झोप उडणं, हे सगळं. तीन महिन्यांनी ते प्रमाण ४७ टक्क्यांवर आलं होतं. म्हणजे निम्म्याजणी कोणत्याही खास उपचाराशिवाय सावरल्या. पहिल्या काही आठवड्यांतली घालमेल हा आजार नव्हे, मन आणि शरीर आपलं आपण सावरू पाहत असतात. त्या दिवसांत तिला समोर बसवून ‘सगळं पहिल्यापासून सांग’ म्हणणं चूकच आहे. एकाच बैठकीत सगळं वदवून घेण्याची पद्धत पूर्वी चांगली मानत. जागतिक आरोग्य संघटना आता ती करू नका असंच सांगते. तेव्हा गुरुजींचं ‘तिला खोदून खोदून विचारू नका’ एवढं मला शंभर टक्के कबूल आहे.

पण उरलेल्या निम्म्यांचं काय? त्याच पाहणीतली दुसरी गोष्ट अशी की ज्यांची लक्षणं तीन महिन्यांनी टिकून होती, त्यांची सुधारणा साधारण पहिल्या महिन्यानंतरच थांबली होती. पुढचे दोन महिने काळ गेला, औषध मात्र लागू पडलं नाही. कारण अशा वेळी बाई विसरत नसते, टाळत असते. घरातल्यांना बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.

हे टाळणं कसं वाढत जातं ते एका बाईच्या हकिगतीतून सांगते. ओळख पटू नये म्हणून दोघीतिघींच्या गोष्टी मी एकत्र केल्या आहेत, तपशील बदलले आहेत. ती धामापूरच्या आसपासच्या एका वाडीतली. एकोणीस वर्षांची असताना नातेवाइकांच्या लग्नघरी पाहुण्यांच्या गर्दीत माजघरात सगळ्या बायका-पोरी ओळीने झोपल्या होत्या. रात्री नात्यातलाच एक मोठा माणूस तिच्याजवळ आला. ती जागी होती. अंगावर हात फिरत असताना तिने डोळे घट्ट मिटून झोपेचं सोंग घेतलं, कारण दुसरं काहीच करता येईना. हात हलेना, घशातून आवाज निघेना. शेजारी झोपलेल्या आत्येचा श्वास तिला ऐकू येत होता. सकाळी त्याच माणसाने तिच्या हातून चहा घेतला.

महिनाभराने तिने आईला सांगितलं. आईने ते पहिलं वाक्य म्हटलं, आणि मुलीने ते मनापासून पाळलं. आधी तिने त्या घरी जाणं सोडलं, ते समजण्यासारखं होतं. मग कोणत्याही लग्नाला जाणं सोडलं. त्या माणसाच्या तोंडाला तंबाखू-सुपारीचा वास यायचा, म्हणून एसटीत पुरुषाच्या शेजारची जागा नको झाली, मग एसटीच नको झाली, मग कुडाळचं कॉलेजही गेलं. रात्री पंखा लावला की बाहेरची पावलं ऐकू येणार नाहीत, म्हणून मे महिन्याच्या उकाड्यातही पंखा बंद. न्हाणीत कडी लावून ती अंगावरच्या कपड्यांसकट आंघोळ करायची. घरातले म्हणायचे, आता ती त्या गोष्टीचं नावही काढत नाही, विसरली बिचारी. ती चोवीस तास त्या गोष्टीच्या तैनातीत होती.

टाळण्याची मेख अशी की ते प्रत्येक वेळी उपयोगी पडतं. एसटीत चढली नाही की छातीतली धडधड लगेच थांबते. शरीर त्यातून शिकतं की एसटी खरंच धोक्याची होती, बरं झालं वाचलो. पुढच्या वेळी धडधड आणखी लवकर सुरू होते, स्टँड दिसताच. जी गोष्ट कधी तपासूनच पाहिली नाही ती खोटी ठरणार कशी? म्हणून उपचारात उलटा क्रम असतो. एडना फोआ यांनी बसवलेल्या पद्धतीत बाई आपण टाळतो त्या गोष्टींची यादी करते, प्रत्येक गोष्टीला शून्य ते शंभर भीतीचा आकडा देते, आणि मधल्या आकड्यांपासून सुरुवात करते. हिच्या यादीत दिवसा, बहिणीबरोबर, एसटीत मागच्या सीटवर बसणं चाळिसावर होतं. भीती उतरेपर्यंत तिथेच थांबायचं, अर्धा-पाऊण तास, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करायचं. ज्या गोष्टी खरोखर धोक्याच्या आहेत त्या यादीत कधीच घालायच्या नाहीत. त्या माणसाच्या घरी जाऊन दाखवणं हा उपचार नव्हे.

घरच्यांना कळेल असा अंदाज हवा असेल तर एक महिना धरा. महिना उलटला तरी झोप, काम, माणसांत मिसळणं रुळावर येत नसेल, उलट वावराचं वर्तुळ लहान होत चाललं असेल, तर काळाच्या भरवशावर थांबण्यात अर्थ नाही. झोपेच्या गोळ्या आणून देणं हाही उपाय नाही. बेंझोडायझेपिन जातीच्या शांतवणाऱ्या गोळ्या या कामासाठी देऊ नयेत असंच जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शन आहे. आमच्याकडे मात्र त्या मेडिकलवाल्याच्या ओळखीने मिळून जातात.

आता दुसरं वाक्य. ‘आराडलंस कित्याक नाय?’

हा प्रश्न केवळ माजघरात विचारला जात नाही, तो सर्वोच्च न्यायालयातही विचारला गेला आहे. २६ मार्च १९७२च्या रात्री, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप झाला. सत्र न्यायालयाने त्यांना सोडलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ साली त्यांना दोषी ठरवलं आणि स्पष्ट लिहिलं की भीतीपोटी निमूट राहणं म्हणजे संमती नव्हे. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. कारणांमध्ये हे होतं की अंगावर जखमांच्या खुणा नाहीत, प्रतिकार दिसत नाही, आरडाओरड झाल्याचं पटत नाही. पुढच्या वर्षी वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि उपेंद्र बक्षी या चार कायद्याच्या अध्यापकांनी सरन्यायाधीशांना जाहीर पत्र लिहिलं, देशभर मोर्चे निघाले आणि १९८३ साली कायदा बदलला. पण ‘केवळ प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असं मानता येणार नाही’ हे वाक्य व्याख्येत यायला २०१३ साल उजाडावं लागलं. आज ते भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये आहे. माजघरांत ते अजून पोचायचं आहे.

शरीराचं म्हणणं कायद्याच्या कितीतरी आधीचं आहे. धोका अंगावर आला की पळणं किंवा लढणं एवढंच आपल्याला ठाऊक असतं. पळायला वाट नाही आणि समोरचा अंगाने किंवा अधिकाराने भारी आहे असं झालं की तिसरी गोष्ट घडते, ती म्हणजे शरीर गोठतं. स्नायू जखडतात, आवाज बंद होतो, शुद्ध मात्र असते. स्टॉकहोममध्ये बलात्कारग्रस्तांसाठीच्या तातडीच्या दवाखान्यात आलेल्या २९८ स्त्रियांची पाहणी अॅना म्योलर आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली मांडली. त्यांतल्या ७० टक्के जणींना असं लक्षणीय गोठणं जाणवलं होतं. आणि पुढचं अधिक महत्त्वाचं आहे. ज्या गोठल्या होत्या त्यांना सहा महिन्यांनी आघाताचा विकार आणि तीव्र नैराश्य असण्याची शक्यता इतरांच्या दुपटीहून जास्त होती. म्हणजे ‘ओरडली का नाही’ हा प्रश्न नेमका तिलाच जास्त विचारला जातो, जिला सगळ्यात खोल लागलेलं आहे.

गोठण्याइतकीच न बोलली जाणारी आणखी एक गोष्ट आहे. काही वेळा नको असलेल्या स्पर्शालाही शरीर प्रतिसाद देतं. ओलावा येतो, पुरुषांच्या आणि मुलग्यांच्या बाबतीत ताठरता येते, कधी वीर्यस्खलनही होतं. कांदा चिरताना डोळ्यांत पाणी येतं तशीच ती प्रतिक्षिप्त क्रिया असते. त्याला सुख किंवा होकार समजण्याचं काही कारण नाही. पण याच एका गोष्टीपायी लोक वर्षानुवर्षं स्वतःला गुन्हेगार समजत राहतात, आणि पुरुष तर तोंडच उघडत नाहीत. माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थाने हे सांगायला बायको बाहेर जाईपर्यंत वाट पाहिली होती, आणि बायकोला ते केव्हाच ठाऊक होतं.

त्या माजघरातल्या बाईच्या मनात अकरा वर्षं एकच वाक्य अडकून बसलं होतं. ‘मी झोपेचं सोंग घेतलं, म्हणजे मला चाललं.’ पॅट्रिशिया रेसिक यांच्या उपचारपद्धतीत अशा अडकलेल्या वाक्यांवरच काम चालतं, साधारण बारा बैठका. ‘छे छे, तुझी काही चूक नाही’ असं सांगून ते वाक्य हलत नाही, तसं तिला बहिणीने पन्नासदा सांगून झालं होतं. तिला ते कागदावर लिहायला लावायचं आणि मग प्रश्न विचारायचे. त्या क्षणी तुला काय काय माहीत होतं? ओरडली असतीस तर उठून कोणी काय केलं असतं असं तुला तेव्हा वाटलं? सोंग घेतल्याने काय टळलं? ज्याला चालतं तो माणूस डोळे इतके घट्ट मिटतो का? तिसऱ्या की चौथ्या बैठकीत तिने स्वतःच्या अक्षरात लिहिलं, ‘मला चाललं नाही. मला दुसरं काही करता आलं नाही.’ वाक्य साधंच आहे, पण ते तिचं तिने शोधलेलं होतं, म्हणून टिकलं.

तिसऱ्या वाक्यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं.

लग्न केलं की ठीक होईल या म्हणण्यामागे एक समजूत आहे. वाईट स्पर्श चांगल्या स्पर्शाने पुसला जातो, ही ती समजूत. हिचं लग्न सव्विसाव्या वर्षी झालं. नवरा कुडाळला नोकरीला, शांत, निर्व्यसनी. त्याने कधी जबरदस्ती केली नाही. तरी पहिल्या महिन्यात काहीच जमलं नाही. तो जवळ आला की तिचं अंग आतून आवळून जायचं, योनिमार्गाचे स्नायू इतके घट्ट की संबंध अशक्य. ती हे मुद्दाम करत नव्हती. उलट ‘होऊन जाऊ दे एकदाचं’ म्हणून दात आवळून पडून राहायची. घरात कुजबुज सुरू झाली, मूल कधी, दोष कोणात. कोणीतरी सुचवलं म्हणून गाऱ्हाणंही घातलं.

या आवळण्याला वैद्यकात नाव आहे, व्हजायनिस्मस, आणि त्यावर उपचार आहेत. आधी स्त्रीरोगतज्ज्ञाकडून तपासून घ्यायचं, कारण जंतुसंसर्ग, कोरडेपणा, एंडोमेट्रिओसिस यांनीही दुखतं आणि ते मनाचं म्हणून सोडून देणं ही दुसरी चूक. तपासणीआधी डॉक्टरांना एवढं सांगावं की आधीचा वाईट अनुभव आहे, तपशील सांगायची गरज नाही. चांगला डॉक्टर प्रत्येक पायरी आधी सांगतो, ‘थांबा’ म्हटलं की थांबतो, आणि पहिल्या भेटीत आतली तपासणी करायचा हट्ट धरत नाही.

मग खरं काम सुरू होतं आणि त्याची पहिली अट ऐकून नवरे चक्रावतात. काही आठवडे संबंध पूर्ण बंद. मास्टर्स आणि जॉन्सन यांनी १९७० साली मांडलेल्या स्पर्शाच्या क्रमवार पद्धतीत ही बंदी पहिल्यापासून आहे, पण अत्याचारातून गेलेल्या माणसासाठी तिचा अर्थ वेगळा होतो. रात्री जे होणार त्याची धास्ती दुपारपासून असते. ते होणारच नाही हे नक्की झालं की दुपारपासूनचे तास मोकळे होतात. त्यानंतर ती स्वतः ठरवते, कुठे हात लावलेला चालतो, कुठे विचारून चालेल, कुठे अजिबात नको. हिने तळहात, पावलं आणि डोक्याला तेल लावणं एवढंच पहिल्या रकान्यात लिहिलं होतं. मान शेवटच्या रकान्यात होती. आठवड्यातून दोनतीनदा, पंधरा-वीस मिनिटं, कपड्यांसकट, दिवा लावून, डोळे उघडे ठेवून. कधी सुरू करायचं आणि कधी संपवायचं ते ती ठरवणार.

यातला सगळ्यात मोलाचा भाग बाहेरून वेडगळ वाटतो. पहिल्या आठवड्यांत तिला सांगितलेलं असतं की काही खुपत नसतानाही, मुद्दाम, मध्येच ‘थांब’ म्हण. आणि त्याने हात त्याच क्षणी उचलायचा. का, काय झालं, माझं काही चुकलं का, काही विचारायचं नाही. पुन्हा पुन्हा हेच. त्या लग्नघरात तिच्या शरीराने शिकलेला धडा होता की आपलं ‘नको’ कोणाला ऐकू जात नाही आणि आपल्यालाही ते काढता येत नाही. कितीही माया केली तरी तो धडा मायेने पुसला जात नाही, कारण तो मायेबद्दलचा नव्हताच. ‘थांब’ म्हटल्यावर खरोखर थांबलं जातं याचा अनुभव वीसदा, तीसदा आल्यावरच पुढचा ‘चालेल’ खरा होतो. म्हणून माझं ठाम म्हणणं आहे की विश्वास परत येतो तो पाळल्या गेलेल्या नकारांतून. आमच्याकडे मात्र बायकोचा नकार हा रुसवा समजतात आणि नवऱ्याला तो मोडून काढायला शिकवतात.

चुकतं कुठे, तर दोन ठिकाणी. एक, नवरा मनात दिवस मोजायला लागतो, आणि तिला ते कळतं. त्याचा उसासा, त्याचं पाठ फिरवणं हाही तिच्यासाठी तगादाच असतो. दुसरं याहून वाईट, कारण ते यशासारखं दिसतं. एका रात्री ती ‘चल, करून टाकू’ म्हणते आणि पार पाडते. दोघांना वाटतं झालं, जिंकलो. पण ती त्या वेळी तिथे नसते. नजर कौलांवर खिळलेली, श्वास अडकलेला, हात गार, विचारलं तर सपाट आवाजात ‘हं’. जुन्या माजघरातच ती परत गेलेली असते. हे ओळखता येतं, ओळखायला शिकावं लागतं. दिसलं की थांबायचं, मिठी न मारता थोडं दूर बसायचं, तिचं नाव घ्यायचं, आज कोणता वार आहे, आपण कुठल्या खोलीत आहोत ते साध्या आवाजात बोलायचं, पायाखालची गार लादी जाणवू द्यायची. या जोडप्याच्या बाबतीत हे घडलं तेव्हा आम्ही तीन पायऱ्या मागे आलो. आत जाण्याचा टप्पा त्यानंतर काही महिन्यांनी आला, तोही आधी तिच्या स्वतःच्या बोटाने, मग लहान ते मोठ्या डायलेटरांनी, भरपूर वंगण वापरून, एकटीने, न्हाणीची कडी लावून.

इथे कोणी म्हणेल, नवरा समंजस निघाला म्हणून जमलं, नसता तर? प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि तो लग्न लावून देणाऱ्यांनी आधी स्वतःला विचारायचा आहे. कलम ६३चा अपवाद आजही सांगतो की बायको अठरा वर्षांखालची नसेल तर नवऱ्याने केलेला संबंध हा बलात्कार नव्हे. २००५च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात लैंगिक छळ येतो, तो एक आधार. ‘नको’ म्हणण्याची ताकद हरवलेल्या मुलीला तुम्ही अशा नात्यात पाठवता जिथे तिच्या ‘नको’ला फौजदारी कायदा विचारत नाही, आणि त्याला औषध म्हणता.

धामापूरच्या तळ्याची गोष्ट आमच्याकडे लहानपणापासून सगळ्यांना ठाऊक असते. १५३० साली नागेश देसायांनी बांधलेलं तळं, काठावर भगवतीचं देऊळ. लग्नकार्याला दागिने हवे असले की परडीत फुलांचे दागिने करून पाण्यात सोडायचे, देवी त्या बदल्यात सोन्याचे द्यायची, कार्य झालं की परत करायचे. एकाने परत केले नाहीत, आणि देवीने देणं कायमचं बंद केलं. आजवर एकाही गावकऱ्याने देवीला म्हटलेलं नाही की बाई, झालं ते झालं, एकाच्या चुकीसाठी सगळ्यांवर अविश्वास कशाला. तिचा राग सगळ्यांना न्याय्य वाटतो. मग हाडामांसाच्या पोरीने कोणावर विश्वास टाकायचं बंद केलं तर तेवढीच गोष्ट जगावेगळी कशी? आणि ही पोर देवीइतकी कठोरही नसते. ती पुन्हा द्यायला तयार असते, फक्त आधी पावलांपुरतं, मग तळहातांपुरतं. परत मिळतं का ते बघते.

शेवटचा आक्षेप व्यवहारातला आहे. हे सगळं पुण्यामुंबईचं, इथे असं कोण शिकलेलं बसलंय? खरं आहे, या कामातली माणसं जिल्ह्यात मोजकी आहेत, आणि जिथे आहेत तिथे जायचं तर ‘खंय गेलंलस’ हा प्रश्न स्टँडवरच गाठतो. पण बऱ्याचशा बैठका फोनवर होऊ शकतात. १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी क्रमांक फुकट आहे आणि मराठीत बोलतो. घटना ताजी असेल तर मनाच्या आधी घड्याळ पाहायचं असतं. एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात, गर्भधारणा टाळण्याची गोळी जितकी लवकर तितकी चांगली. सरकारी असो की खासगी, कोणत्याही रुग्णालयाने ताबडतोब आणि मोफत उपचार करायलाच हवेत. रुग्णालय पोलिसांना कळवतं, पण तक्रार नोंदवायची नाही असं सज्ञान बाईने म्हटलं म्हणून उपचार अडवता येत नाहीत. मुलगी किंवा मुलगा अठराच्या आतला असेल तर मात्र पोक्सो कायद्याने कळवणं सगळ्यांवर बंधनकारक आहे, तिथे ‘घरातली गोष्ट घरात’ हा गुन्हा ठरतो.

गाऱ्हाण्याला मी हसत नाही. देवळात जाऊन मोकळेपणाने रडता येतं, भजनात श्वास लांब होतो, आणि देवी उलट प्रश्न विचारत नाही. माजघरातल्या प्रश्नकर्त्यांपेक्षा तेवढ्यापुरती ती बरी. माझा आक्षेप देवीच्या नावाने त्या बाईचे बाकीचे निर्णय दुसऱ्यांनी घेण्याला आहे. सारा उलमन यांनी अशा स्त्रियांना भेटलेल्या प्रतिक्रियांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. दोष देण्याबरोबरच, तिच्या वतीने सगळं परस्पर ठरवून टाकण्याचाही त्यांनी हानिकारक प्रतिक्रियांत समावेश केला आहे, ते प्रेमापोटी केलेलं असलं तरी. पोलिसांत जायचं की नाही, कोणाला सांगायचं, लग्न कधी करायचं, हे तिला न विचारता ठरलं की जे तिच्याकडून त्या रात्री गेलं तेच पुन्हा जातं.

ती बाई आता एसटीने फिरते, पंखा लावून झोपते, आणि नवऱ्याबरोबरचं तिचं सुरळीत आहे, अधूनमधून एखादी रात्र बिघडते तेवढी. लग्नाकार्यात ती कोणाच्या घरी मुक्काम करत नाही, कितीही उशीर झाला तरी रिक्षा करून घरी येते. सासरचे तिला शिष्ट म्हणतात. त्या नातेवाइकाच्या घरचं कार्य असलं की ती जातच नाही. तो आजही पंक्तीत मानाने वाढतो, सगळ्यांची विचारपूस करतो, त्याच्यापुरता ‘इसरान जा’ हा सल्ला त्याने केव्हाच पाळलेला आहे. मध्यंतरी तिच्या आईने मला विचारलं, अजून ती तिकडे जात नाही म्हणजे उपचार अर्धवट राहिले का, आणखी दोनचार बैठका घेऊन तेवढं जमवता येईल का. मी म्हटलं, नाही येणार, आणि आलं असतं तरी मी केलं नसतं.